‘हॅड स्टार्टेड’मुळे थांबलेले २४० नग: बेळगावच्या एका मशीन शॉपमधलं प्रकरण

मी बेळगावात लहान कारखान्यांतल्या लोकांना इंग्रजी पत्रव्यवहार शिकवते. त्याआधी बरीच वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम केलं. खालचं प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. मेलमधली वाक्यं मात्र जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण सगळा घोळ त्या वाक्यांतच होता.

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं हे मशीन शॉप मध्यम आकाराचं आहे. शेजारच्या फाउंड्रीतून एस.जी. आयर्नची कास्टिंग येतात आणि इथे त्यांचं मशीनिंग होतं. हायड्रॉलिक पंपाची हाउसिंग हे त्यांचं मुख्य काम. त्यांतला एक नग दोन वर्षांपासून जर्मनीतल्या एका ग्राहकाकडे जातो. माल न्हावा शेवाहून बोटीने निघतो. एका खेपेत पूर्ण कंटेनर भरत नाही, म्हणून तो इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये चढतो आणि आठवड्याला एकच बोट मिळते.

ग्राहकाशी मेल लिहितो तो समन्वयक. तिशीच्या आतला मुलगा, खानापूर तालुक्यातल्या गावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा. घरी मराठी, शॉपवर बैलहोंगल-गोकाककडच्या ऑपरेटरांशी कन्नड, ट्रकवाल्याशी हिंदी आणि संगणकासमोर बसला की इंग्रजी. कामात अतिशय चोख. ड्रॉइंग वाचण्यात त्याचा हात धरणारा तिथे कोणी नाही. ही गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्याला आळस किंवा हलगर्जीपणा जबाबदार नव्हता.

एप्रिलमध्ये या नगाचा एक लॉट रेव्हिजन बी ड्रॉइंगप्रमाणे बनून रवाना झाला होता. पुढची ऑर्डर २४० नगांची. ते काम हातात घेण्याच्या बेतात असतानाच, एका सोमवारी दुपारी, ग्राहकाने रेव्हिजन सी पाठवलं. बदल एकच होता. ४२ मि.मी.च्या बोअरचा, म्हणजे आतल्या गोल भोकाचा, टॉलरन्स एच८ वरून एच७ झाला. म्हणजे आधी बोअर ४२.०३९ पर्यंत चालत होता, आता ४२.०२५ च्या वर गेला की नग रिजेक्ट. आकडा लहान दिसतो, पण त्या बोअरमध्ये स्पूल सरकतो. फट वाढली की तेल गळतं.

शॉपवर सगळं रीतसर झालं. मंगळवारी सकाळी बोअर तपासायचं एच७ चं प्लग गेज आलं. त्यांच्याकडे ते नव्हतं, दोन गल्ल्या पलीकडच्या शॉपमधून रिटर्नेबल चलनावर मागून आणलं. प्रोग्रॅममध्ये ऑफसेट बदलला, दुपारी फर्स्ट पीस, म्हणजे तपासणीचा पहिला नग, निघाला, त्याचा रिपोर्ट भरला, सही झाली आणि दोन शिफ्टमध्ये काम सुरू झालं.

अडचण

बुधवारी ग्राहकाच्या क्वालिटी इंजिनियरने विचारलं की रेव्हिजन सीचं काय चाललं आहे ते कळवा. गुरुवारी संध्याकाळी समन्वयकाने उत्तर दिलं, मॅनेजरला सीसीत ठेवून:

«वी हॅव रिसीव्ह्ड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग ऑन मंडे. वी हॅड स्टार्टेड मशीनिंग ऑफ २४० पीसेस. मटेरियल विल बी रेडी बाय सॅटरडे.»

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं: २४० नग बाजूला ठेवा, रेव्हिजन सीच्या आधी मशीनिंग झालेला माल आम्हाला चालणार नाही, सोमवारच्या आधी किती नग झाले होते ते कळवा.

समन्वयकाला काही उमजेना. सोमवारच्या आधी एकही नग मशीनवर चढला नव्हता. त्याने दहा मिनिटांत उत्तर टाकलं:

«वी हॅव मशीन्ड अ‍ॅज पर रेव्हिजन सी ओन्ली. अर्लियर वी हॅव मशीन्ड अ‍ॅज पर रेव्हिजन बी.»

दुसऱ्या वाक्यात त्याला एप्रिलचा लॉट म्हणायचा होता. तिकडच्या इंजिनियरला ती दोन्ही वाक्यं एकाच ऑर्डरबद्दल वाटली: काही नग सीप्रमाणे, त्याआधीचे बीप्रमाणे. म्हणजे मिसळलेला लॉट. त्याने मागणी वाढवली. प्रत्येक नगाला नंबर टाकून प्रत्येक बोअर मोजा, रिपोर्ट पाठवा, आम्ही पास केल्याशिवाय माल हलवू नका.

शनिवारी संध्याकाळी ट्रक निघायचा होता. सकाळी मालकांचा मला फोन आला. “मॅडम, माल बरोबर आहे, कागद बरोबर आहेत, तरी समोरचा ऐकेना. जरा येऊन मेल बघता काय?”

मेलमध्ये नेमकं काय झालं

मी मेल एकदा वाचली आणि समन्वयकाला म्हटलं, हेच मला मराठीत सांग. तो म्हणाला, “सोमवारी ड्रॉइंग मिळालंय. २४० नगांचं मशीनिंग चालू केलं होतं. शनिवारपर्यंत माल तयार होतोय.”

मराठी म्हणून यात खोट काढता येणार नाही. त्याने तीनही वाक्यं मराठीतून जशीच्या तशी उचलून इंग्रजीत ठेवली होती. ‘मिळालंय’ला ‘हॅव रिसीव्ह्ड’, ‘केलं होतं’ला ‘हॅड स्टार्टेड’. शाळेत कोष्टकात असंच शिकवतात: पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे हॅव, पूर्ण भूतकाळ म्हणजे हॅड. कोष्टक खोटं नाही, पण दोन्ही भाषांत ही रूपं एकाच कामाला लावली जात नाहीत.

पहिलं वाक्य घेऊ. मराठीत ‘काल पाठवलंय’, ‘सोमवारी मिळालंय’ सहज चालतं. ‘आहे’ लावला की ती गोष्ट आताही लागू आहे एवढं कळतं, दिवस सांगितला तरी बिघडत नाही. इंग्रजीत हॅव लावलं की घडून गेलेल्या दिवसाचं नाव त्याच वाक्यात घेता येत नाही. ‘ऑन मंडे’ म्हटलं की हॅव जायला हवं: ‘वी रिसीव्ह्ड इट ऑन मंडे’. ही चूक आपल्याकडे सर्वांत जास्त होते आणि शिक्षक सर्वांत जास्त तिच्यावरच बोट ठेवतात.

पण या प्रकरणात त्या चुकीने काहीच नुकसान केलं नाही. दिवस स्पष्ट लिहिलेला होता, सोमवार म्हणजे सोमवारच. शिवाय जर्मन माणसाला तर ते खटकण्याचंही कारण नव्हतं. जर्मन भाषेत ‘इश हाबे एस गेस्टर्न गेशिक्ट’ म्हणजे शब्दशः ‘मी ते काल पाठवलं आहे’ हे रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे. तिथेही ‘हॅव’च्या जातीचं क्रियापद आणि ‘काल’ गुण्यागोविंदाने नांदतात.

माल अडवला तो ‘हॅड’ने.

मराठीत ‘केलं होतं’ म्हणायला दुसरी घटना सांगावी लागत नाही. ‘मी तुला फोन केला होता’ या वाक्यात फोन कशाच्या आधी केला हे कोणी विचारत नाही. ती गोष्ट थोडी मागे सरकलेली आहे, एवढंच ‘होता’ सांगतो. कन्नडमध्येही ‘नानु मेल कळिसिद्दे’ असं सुटं वाक्य तितकंच चालतं. त्यामुळे बेळगावच्या ऑफिसात मराठी माणूस लिहो की कन्नड माणूस, ‘आय हॅड सेंट’ कोणालाच खटकत नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला बरोबर वाटते, मग दुरुस्त कोण करणार?

इंग्रजीत हॅड आलं की वाचणारा ताबडतोब विचारतो: कशाच्या आधी? लिहिणाऱ्याने सांगितलं नसेल तर तो मजकुरात मागे जातो आणि जी भूतकाळातली खूण आधी सापडेल ती धरतो. आमच्या मेलमध्ये एकच खूण होती: सोमवारी ड्रॉइंग मिळालं. म्हणून त्याने वाचलं की सोमवारी ड्रॉइंग मिळालं, पण त्याच्या आधीच २४० नगांचं मशीनिंग सुरू झालं होतं. जर्मनमध्येही ‘हाटे’ वापरून केलेला भूतकाळ अशीच ‘त्याआधी’ची जागा दाखवतो, त्यामुळे त्याला शंका घ्यायलाही जागा उरली नाही.

मग समन्वयकाच्या मनात ‘कशाच्या आधी’ होतं तरी काय? मी त्याला विचारलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “त्यांनी बुधवारी विचारलं न्हवं? त्याच्या आधीच आम्ही चालू केलं होतं, मंगळवारी.”

सगळं त्या उत्तरात होतं. त्याचं ‘होतं’ बुधवारच्या प्रश्नावर टेकलेलं होतं: तुम्ही विचारायच्या आधीच आम्ही कामाला लागलो होतो. त्यात थोडा अभिमानही होता आणि तो रास्त होता. पण बुधवारची मेल त्याच्या डोक्यात होती, वाक्यात नव्हती. वाक्यात सोमवार होता. मंगळवार दोघांच्या मधोमध पडला आणि एका शब्दाने तो सोमवारच्या पलीकडे गेला.

दुसऱ्या मेलमधलं ‘अर्लियर वी हॅव मशीन्ड’ही याच जातीचं. हॅव म्हटलं की आजपर्यंतचा काळ एका पिशवीत येतो. एप्रिलचा संपलेला, बोटीने गेलेला लॉट त्याने त्या पिशवीत टाकला, जिथे चालू ऑर्डरही होती. ‘द एप्रिल लॉट वॉज मशीन्ड टू रेव्हिजन बी’ एवढं लिहिलं असतं तर दोन लॉट वेगळे राहिले असते.

समोरचे पर्याय

शनिवारी सकाळचे साडेदहा झाले होते. जर्मनीत उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, पण तिथे शनिवारी ऑफिस बंद. चार मार्ग होते.

मॅनेजरचं मत होतं की फोन करावा. त्यांच्याकडे त्या इंजिनियरचा मोबाइल नंबर होता. मी नको म्हटलं. फोनवर पुन्हा ‘हॅड’ जाणार, ते लिखित राहणार नाही आणि सुट्टीच्या दिवशी हातात ड्रॉइंग नसलेला माणूस होकार देणार नाही.

मालकांना माल पाठवून द्यावासा वाटत होता. ट्रक जाऊ दे, सोमवारी समजावू. हा मार्ग सर्वांत वाईट होता. समोरच्याने लेखी ‘हलवू नका’ म्हटलं आहे. माल बरोबर असला तरी तसा पाठवला तर पुढे कागदोपत्री आपणच चुकीचे ठरतो. हे त्यांनी लगेच मानलं.

तिसरा मार्ग म्हणजे मुकाट्याने सगळे बोअर मोजून रिपोर्ट द्यायचा. यात सुरक्षितता होती, पण रिपोर्ट फक्त आजचे आकडे सांगतो. मशीनिंग कधी झालं हा इंजिनियरचा प्रश्न तसाच राहिला असता. आणि तुम्ही बीप्रमाणे काम करून ते नशिबाने सीमध्ये बसलं, असा संशय त्याच्या मनात मुरला असता.

चौथा मार्ग म्हणजे घडलेलं सगळं दिवसवार, साध्या भूतकाळात लिहायचं आणि प्रत्येक दिवसाला एक कागद जोडायचा.

आम्ही तिसरा आणि चौथा दोन्ही घेतले. ट्रक रद्द केला. मालकांचा चेहरा उतरला, पण निर्णय त्यांनीच घेतला.

काय केलं

कागद शोधताना सगळ्यात उपयोगी ठरलं ते प्लग गेजचं चलन. पिवळी कार्बन कॉपी, त्यावर ४२ एच७ लिहिलेलं, मंगळवारची तारीख आणि आणणाऱ्या पोराची सही. जे गेज मंगळवारी सकाळपर्यंत शॉपमध्ये नव्हतंच, त्याने त्याच दिवशी फर्स्ट पीस तपासल्याची नोंद रिपोर्टमध्ये होती. सोबत एप्रिलच्या लॉटचं इनव्हॉइस घेतलं.

मेल समन्वयकानेच लिहावी असा मी आग्रह धरला. मी लिहिली असती तर त्या दिवशीचं काम झालं असतं, पुढच्या गुरुवारी पुन्हा ‘हॅड’ आलं असतं. त्याचा पहिला खर्डा माफीने सुरू होत होता आणि पाच ओळी माफीतच जात होत्या. ते काढलं. चूक माल बनवण्यात झालेली नाही, त्यामुळे लांबलचक माफीने उलटाच अर्थ निघाला असता. शेवटी मजकूर असा झाला, प्रत्येक दिवसापुढे तारीख घालून:

«अवर मेल ऑफ थर्सडे वॉज नॉट क्लिअर. वी रिसीव्ह्ड रेव्हिजन सी ऑन मंडे. वी स्टार्टेड मशीनिंग ऑन ट्यूसडे, आफ्टर द फर्स्ट पीस वॉज अप्रूव्ह्ड. ऑल २४० पीसेस वेअर मशीन्ड टू रेव्हिजन सी. द एप्रिल लॉट वॉज मशीन्ड टू रेव्हिजन बी; यू रिसीव्ह्ड इट इन जून.»

यात एकही हॅव नाही, एकही हॅड नाही. ‘आफ्टर’ या एका शब्दाने क्रम बांधला. इंग्रजीत ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असलं की बहुतेक वेळा हॅडची गरजच पडत नाही, क्रम त्या शब्दानेच कळतो.

इकडे दोन इन्स्पेक्टर बोअर गेज घेऊन बसले. एका नगाला तीन मिनिटं धरली तरी बारा तासांचं काम. रविवारी दुपारी ते संपलं आणि एक अनपेक्षित गोष्ट निघाली. तीन नगांचे बोअर मोठे होते, सर्वांत मोठा ४२.०२८. मशीनवर दर पाचव्या नगाला प्लग गेज लावत होते. गुरुवारी रात्री इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, बदलला त्या सुमारास मधले तीन नग निसटले असणार. २३७ नग पास.

मालकांनी क्षणभर विचार केला की हे तीन गुपचूप काढून टाकावेत आणि २३७ पाठवावेत. मॅनेजर म्हणाले, “साहेब, रिपोर्टमध्ये नंबर आहेत, तीन नंबर कुठे गेले असं तो विचारणारच.” सांगायचं ठरलं. आणि इथे मला समन्वयकाला हॅवची खरी जागा दाखवता आली. त्याने लिहिलं:

«वी फाउंड थ्री ओव्हरसाइज पीसेस ऑन संडे. वी हॅव रिमूव्ह्ड देम फ्रॉम द लॉट.»

सापडले रविवारी: दिवस आहे, म्हणून साधा भूतकाळ. काढून टाकलेत: कधी काढले याला महत्त्व नाही, ते आता लॉटमध्ये नाहीत हे वाचणाऱ्याला हवं आहे. म्हणून हॅव. दोन वाक्यं शेजारी ठेवल्यावर तो पटकन म्हणाला, “होय की मॅडम, हे ‘काढलेत’ आणि ते ‘सापडले’!” मराठीत त्याच्या कानाला हा फरक आधीपासून होता. फक्त दिवसाचं नाव आलं की मराठी सूट देते आणि इंग्रजी देत नाही, एवढंच त्याला नव्याने कळलं.

परिणाम

सोमवारी आमच्या दुपारी एकच्या सुमारास उत्तर आलं. कागद पुरेसे आहेत, तीन नगांची माहिती दिल्याबद्दल आभार, २३७ पाठवा, उरलेले तीन पुढच्या खेपेत. रोखठोक चार ओळी.

पण ती बोट गेली होती. माल पुढच्या आठवड्याच्या बोटीने गेला. ग्राहकाकडे जुना साठा होता, त्यामुळे विमानाने पाठवायची वेळ आली नाही. नाहीतर दीड टन लोखंडाचं विमानभाडं या शॉपला झेपलं नसतं. पुढच्या काही खेपांसाठी मात्र त्यांनी प्रत्येक लॉटसोबत फर्स्ट पीस रिपोर्ट मागितला, तो अजून चालू आहे.

ऑफिसात समन्वयकाच्या स्क्रीनच्या कडेला आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर मराठीत दोन प्रश्न आहेत. हॅड लिहिलं की विचार: कशाच्या आधी? उत्तर त्याच वाक्यात नसेल तर हॅड खोड आणि तारीख घाल. हॅव लिहिलं की विचार: कधी? संपून गेलेल्या दिवसाचं किंवा वेळेचं नाव त्याच वाक्यात असेल तर हॅव खोड.

दुसऱ्या प्रश्नाला मर्यादा आहेत आणि त्या मी तोंडी सांगितल्या. ‘टुडे’ आणि ‘धिस वीक’ अजून संपलेले नसतात, तिथे हॅव चालतं. ‘सिन्स मंडे’ला तर हॅवच लागतं. आपण ‘दोन वर्षांपासून हा नग देतोय’ याचं ‘वी आर सप्लाइंग सिन्स टू इयर्स’ करतो. तिथे ‘वी हॅव बीन सप्लाइंग फॉर टू इयर्स’ हवं. पण वेळेचा घोळ त्याने होत नाही, म्हणून कागदावर ते घातलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी गुरुवारी संध्याकाळी होती. मॅनेजर सीसीत होते, त्यांनी मेल वाचली आणि त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनीही ती मनात मराठीतूनच वाचली. म्हणून ‘पाठवण्याआधी दुसऱ्याने वाचावी’ हा नेहमीचा उपाय इथे पांगळा आहे. वाचणाऱ्याला नेमकं काय शोधायचं ते माहीत हवं. नुसतं ‘मशीनिंग कोणत्या दिवशी सुरू झालं ते मेलमध्ये दिसतं का?’ एवढं पाहिलं असतं तरी मंगळवार गायब आहे हे लगेच कळलं असतं.

दुसरी संधी शुक्रवारी. ‘सोमवारच्या आधी किती नग?’ या प्रश्नातच समोरच्याची समजूत उघडी पडली होती. त्याचं सरळ उत्तर ‘शून्य’ होतं. समन्वयकाने प्रश्नाचं उत्तर न देता स्वतःची बाजू मांडली, तीही घाईने. ‘झीरो. वी स्टार्टेड ऑन ट्यूसडे.’ एवढ्या पाच शब्दांवर शनिवारचा ट्रक निघाला असता, असं मला आजही वाटतं. मग ते तीन मोठे बोअर जर्मनीत पोचले असते हेही खरं. पण ती तपासणी पाचव्या नगाची वाट न बघता इन्सर्ट बदलल्यावर लगेच करायची असते. मॅनेजरनी तो नियम आता लावला आहे.

तिसरी गोष्ट माझ्याकडची. मी वर्षभरापूर्वी याच ऑफिसात दोन तासांचं सत्र घेतलं होतं. त्यातला अर्धा वेळ मी ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ एकत्र नको यावर घालवला, कारण ती चूक सगळीकडे दिसते आणि दाखवायला सोपी असते. ‘हॅड’ला जेमतेम दहा मिनिटं दिली. दिसणाऱ्या चुकीपेक्षा अर्थ उलटा करणारी चूक आधी शिकवायला हवी होती. हॅवसोबत तारीख आली तर वाक्य वेडंवाकडं होतं, पण तारीख तिथे असते. एकट्या हॅडमध्ये तारीख नसते आणि क्रमही फिरतो. आता मी हॅडने सुरुवात करते. अकाउंटंटना तर पहिल्याच दिवशी विचारते: ‘वी हॅड पेड द इनव्हॉइस’ वाचून समोरच्याला काय वाटेल? पैसे दिले होते, मग परत आले की काय, असंच वाटतं.

समन्वयकाच्या त्यानंतरच्या दोन महिन्यांच्या मेल मी पुन्हा वाचल्या. सुटं हॅड जवळजवळ संपलं आहे. हॅव आणि तारीख अजून कुठे कुठे भेटतात, ते मी सोडून दिलं. पण एक नवी अडचण दिसली. हॅव-हॅडचा धसका घेतल्यासारखं सगळं साध्या भूतकाळात जाऊ लागलं आहे. थकलेल्या बिलाबद्दल त्याने लिहिलं होतं, ‘वी डिड नॉट रिसीव्ह द पेमेंट’. हे वाचणाऱ्याला विषय मिटल्यासारखा वाटतो, जणू तेव्हा मिळालं नाही आणि आता वाट बघणंही संपलं. ‘वी हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट येट’ म्हटलं की वाट बघणं चालू आहे हे कळतं. याचंही मूळ मराठीतच आहे. होकारात आपण ‘मिळालं’ आणि ‘मिळालंय’ वेगळं ठेवतो, नकारात दोन्हीला बहुधा एकच ‘मिळालं नाही’ पुरतं. ‘मिळालेलं नाही’ आहे, पण घाईत ते कोण म्हणतं?

त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने स्क्रीनच्या कडेचा कागद काढून घेतला, खाली पेनने तिसरी ओळ लिहिली, ‘नाही लिहिलं की विचार: अजून वाट बघूलोय काय?’, आणि परत चिकटवला.